वजन उतरण्याची तारीख: ७७०० कॅलरींचा हिशेब, आणि तो पुढे का चुकतो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. "अमुक तारखेपर्यंत १० किलो कमी होतील ना?" हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. प्रश्न विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा स्वतः गणित करून तारीखही काढलेली असते. मुलाचं लग्न, दिवाळी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख, असं काहीतरी त्यामागे असतं. ते गणित कसं करतात, त्यातलं काय बरोबर आहे आणि कुठे घसरतं, यावर लोक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे "कॅलरी" म्हणजे किलोकॅलरी, म्हणजेच पाकिटावर छापलेली असते तीच.

एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. वय ४२, उंची १६२ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, बैठं काम करणारी स्त्री. ध्येय ६८ किलो. सुरुवात १ जूनला.

१. एका किलोला ७७०० कॅलरी, हा आकडा आला कुठून?

आपल्या अंगावरची चरबी म्हणजे निव्वळ तेल किंवा तूप नव्हे. तिच्या पेशींमध्ये थोडं पाणी आणि थोडी प्रथिनंही असतात. अशा एक किलो चरबीच्या ऊतीत स्निग्ध पदार्थ साधारण ८७० ग्रॅम भरतात. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या, तर ७८००च्या आसपास आकडा येतो. मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी १९५८ मध्ये हाच हिशेब पौंडात मांडला, तेव्हा एका पौंडाला ३५०० कॅलरी आल्या. पौंडाचे किलो केले की ७७०० होतात.

हा आकडा चुकीचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. चरबीच्या ऊतीत साठलेली ऊर्जा खरोखरच एवढी असते. चूक होते ती हा आकडा घेऊन पुढे जो भागाकार करतात त्यात.

२. ७७०० वरून तारीख काढतात ती कशी?

आधी रोजचा खर्च काढायचा (प्रश्न ३ पाहा). आपल्या उदाहरणात तो १९९० कॅलरी येतो. या बाई रोज १४९० कॅलरी खाणार असतील तर तूट झाली ५००. दहा किलोंसाठी ७७,००० कॅलरींची तूट लागेल. ७७,००० भागिले ५०० म्हणजे १५४ दिवस. १ जूनपासून १५४ दिवस मोजले की २ नोव्हेंबर येतो. दिवाळीच्या तोंडावर दहा किलो कमी, इतकी सोयीची तारीख मिळाली की माणूस हरखून जातो.

या भागाकाराने एक गोष्ट गृहीत धरली आहे: पहिल्या दिवशी असलेली ५००ची तूट १५४व्या दिवशीही ५००च असेल. ती तशी राहत नाही. का राहत नाही, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. माझा रोजचा खर्च किती, हे कसं काढू? आणि त्यावर विसंबू का?

मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० चं समीकरण सगळीकडे वापरतात. स्त्रियांसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे. आपल्या उदाहरणात ७८० अधिक १०१२, वजा २१०, वजा १६१, म्हणजे सुमारे १४२१. नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढं खर्च करतं. त्याला हालचालीसाठी १.४ ने गुणलं की १९९० होतात.

हा अंदाज आहे, मोजमाप नाही. समीकरणाचं उत्तर आणि खरा खर्च यांत १० टक्क्यांपर्यंत फरक पडणं अगदी नेहमीचं आहे, आणि १.४ हा गुणक तर आपणच मनाने निवडलेला असतो. त्यात परदेशी समीकरणं भारतीयांचा विश्रांतीचा खर्च जास्त दाखवतात असं आढळल्यामुळे आयसीएमआरच्या २०१० च्या शिफारशींमध्ये तो ५ टक्के कमी धरला होता. १९९० चे ५ टक्के म्हणजे १०० कॅलरी. कागदावर ५०० लिहिलेली तूट पहिल्याच दिवशी प्रत्यक्षात ४०० असू शकते. म्हणून हा आकडा फक्त सुरुवात करण्यापुरता घ्यायचा आणि महिन्याभराने प्रश्न १० मधल्या पद्धतीने दुरुस्त करायचा.

४. पहिल्या पंधरा दिवसांत माझे ३ किलो उतरले. मग हिशेबाच्या तिप्पट वेगाने चाललंय ना?

नाही. ५००च्या तुटीने पंधरा दिवसांत ७५०० कॅलरी गेल्या, म्हणजे फार तर एक किलो चरबी. बाकीचं बहुतेक पाणी आहे.

यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण अर्धा किलोच्या आसपास. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पोळी-भात एकदम कमी केला की हा साठा उतरतो आणि त्याचं पाणीही जातं. मीठ कमी झाल्याने आणखी थोडं पाणी जातं, आणि खाणं कमी झाल्याने आतड्यातला ऐवजही कमी होतो. या सगळ्या घटीला फार थोड्या कॅलरी लागतात.

लोक हे तीन किलो धरून पुढची तारीख काढतात, तिथे मोठी फसगत होते. उलटही घडतं. तीन दिवस लग्नघरी जेवून आल्यावर काटा दोन किलो जास्त दाखवतो आणि माणूस सगळं सोडून देतो. दोन किलो चरबी साठायला १५,४०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील. तेवढं तीन दिवसांत कुणी खात नाही. पहिले दोन आठवडे हिशेबातून वगळा, असं मी सगळ्यांना सांगते.

५. खाणं तेवढंच ठेवलं तरी वेग मंदावतो, तो का?

कारण तूट आपोआप आक्रसत जाते. ७८ किलोंचं शरीर सांभाळायला आणि जिना चढवायला जेवढं लागतं तेवढं ७२ किलोंच्या शरीराला लागत नाही. वजनाबरोबर थोडे स्नायूही जातात, आणि विश्रांतीच्या वेळी चरबीपेक्षा त्यांचा खर्च जास्त असतो. कमी खाल्लं की अन्न पचवायचा खर्चही कमी होतो. शिवाय शरीर हालचालीत नकळत काटकसर करतं. माणूस बसल्या जागी कमी चुळबुळ करतो, उठून आणायची वस्तू दुसऱ्याला आणायला सांगतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे सगळं एका गणिती प्रारूपात बसवलं. त्यांनी सामान्य जास्त वजनाच्या माणसासाठी सोपा नियम दिला: खाण्यात रोज १०० किलोज्यूलचा कायमचा बदल केला तर वजनात शेवटी साधारण एका किलोचा बदल होतो. १०० किलोज्यूल म्हणजे सुमारे २४ कॅलरी. यातला निम्मा बदल व्हायला वर्षभर लागतं आणि ९५ टक्के बदल व्हायला तीनेक वर्षं.

हाच नियम दुसऱ्या बाजूने वाचला की आपल्याला हवं ते मिळतं. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे तूट रोज २४ कॅलरींनी कमी होते. पाच किलो उतरले की ५००ची तूट ३८० वर येते. तुम्ही काहीच चुकवलेलं नसतं. डबा तोच असतो, पोळ्या मोजून त्याच असतात, फक्त त्या पोळ्या आता आधीच्यापेक्षा हलक्या शरीरात जात असतात.

६. म्हणजे कमी खाल्ल्याने चयापचय बंद पडतं, असं म्हणतात ते खरं का?

बंद पडत नाही, मंदावतं. किती मंदावतं ते पाहायला १९४४-४५ चा मिनेसोटाचा प्रयोग आठवावा. अन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुण चोवीस आठवडे अर्धपोटी राहिले. आधी त्यांना वजन टिकवायला रोज सुमारे ३२०० कॅलरी लागत होत्या, त्या १५७० च्या आसपास आणल्या. तूट झाली १६०० हून जास्त.

आता प्रश्न २ चा भागाकार लावा. १६८ दिवसांत पावणेतीन लाखांच्या आसपास कॅलरींची तूट, म्हणजे ३५ किलो वजन जायला हवं होतं. ही मुलं सरासरी ६९ किलोंची होती. भागाकाराप्रमाणे त्यांचं अर्धं शरीर नाहीसं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात त्यांचं वजन सरासरी १७ किलोंनी घटलं. चतुर्थांश वजन घटावं अशा बेतानेच त्यांचा आहार आखला होता, म्हणून हा नुसत्या योगायोगाचा आकडा नाही. शरीराचा खर्च किती उतरेल हे प्रयोग करणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरलं होतं. आणि हा प्रयोग विश्नॉफ्स्कींच्या लेखाच्या आधीचा आहे, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण दुसरी बाजूही पाहा. शरीराने एवढी काटकसर केली तरी त्यांचं वजन उतरलंच. त्यामुळे "माझं चयापचय बंद आहे म्हणून ८०० कॅलरी खाऊनही वजन हलत नाही" हे वाक्य ऐकलं की मी आधी प्रश्न ९ कडे वळते.

७. मग खरी तारीख काढायची कशी?

हाताने करायचं तर महिन्यामहिन्याने करा. पहिला महिना तूट ५००. तीस दिवसांत १५,००० कॅलरी, भागिले ७७००, म्हणजे १.९५ किलो. आता तूट ५०० वजा १.९५ गुणिले २४, म्हणजे ४५३. दुसऱ्या महिन्यात १.७७ किलो उतरतात आणि तूट ४११ होते. तिसऱ्या महिन्यात १.६ किलो. सहाव्या महिन्यात जेमतेम १.२. असं करत गेलं की दहा किलो सुमारे २०० दिवसांनी पुरे होतात.

हे महिन्याऐवजी रोजच्या रोज केलं तर आणखी थोडे दिवस वाढतात, कारण तूट महिनाअखेर एकदम न घटता रोज थोडी थोडी घटत असते. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत होतं:

```
=-(7700/24)*LN(1-24*10/500)
```

यातला 10 म्हणजे उतरवायचे किलो आणि 500 म्हणजे पहिल्या दिवसाची तूट. उत्तर येतं २१० दिवस. १ जूनपासून २१० दिवस म्हणजे २८ डिसेंबर. दिवाळी उलटून गेलेली असेल. जुन्या हिशेबाच्या तारखेला, २ नोव्हेंबरला, या बाईंचे आठ किलोंच्या आसपास उतरलेले असतील. आठ किलो ही फार चांगली घट आहे. पण डोक्यात दहा बसले असतील तर तीच घट अपयश वाटते, आणि याच टप्प्यावर मी माणसं गळताना पाहिली आहेत.

हॉल यांच्या मूळ प्रारूपापेक्षा हे सूत्र थोडं घाईचं आहे. त्यातून येणारी तारीख "लवकरात लवकर" अशी समजा. अधिक काटेकोर हिशेब हवा असेल तर याच प्रारूपावर बांधलेलं "बॉडी वेट प्लॅनर" नावाचं मोफत साधन त्या संस्थेने वेबसाइटवर दिलं आहे.

८. तूट थोडी कमी झाली तर तारीख किती पुढे जाईल?

जुन्या भागाकाराने वाटतं त्यापेक्षा खूप पुढे. समजा रोज १५० कॅलरी नकळत जास्त गेल्या आणि तूट ५०० ऐवजी ३५० राहिली. भागाकार सांगेल २२० दिवस, म्हणजे १५४ पेक्षा दोन महिने जास्त. वरच्या सूत्रात 500 च्या जागी 350 घाला: ३७१ दिवस. पाच महिन्यांहून जास्त उशीर.

तूट ३०० केली तर ५१६ दिवस. आणि २०० केली तर स्प्रेडशीट तारीख देतच नाही, #NUM! असं दाखवते. लोक मला त्या खिडकीचा फोटो पाठवून विचारतात, सूत्र चुकलंय का? सूत्र बरोबर आहे. २०० ला २४ ने भागा: ८.३. रोज २०० कॅलरी कमी खाल्ल्या तर वजन ८.३ किलो उतरेपर्यंत ती सगळी तूट संपून जाते आणि वजन तिथे स्थिरावतं. दहावा किलो कधीच उतरणार नाही. जुना भागाकार मात्र बेधडक ३८५ दिवस सांगतो, आणि तसंच पुढे नेलं तर काही वर्षांत माणूस शून्य किलोंचा होईल असंही सांगेल. नियम नेमका कुठे मोडतो हे मला याहून स्वच्छ दाखवता येत नाही.

म्हणून तारखेआधी एक भागाकार करून पाहा: ठरवलेली तूट भागिले २४. उत्तर तुमच्या ध्येयाच्या किलोंपेक्षा कमी असेल तर तारीख शोधण्यात अर्थ नाही. ते दीडपट असेल तरी वाट लांबची आहे. दुपटीच्या आसपास असेल तर तारखेला काही अर्थ येतो.

९. सहा महिने झाले, डाएट तेच आहे, तरी वजन हलत नाही. हे प्रश्न ५ मुळेच ना?

काही अंशी. पण आपल्या उदाहरणात सहाव्या महिन्याच्या शेवटीही सूत्राप्रमाणे २८० कॅलरींच्या आसपास तूट शिल्लक असते, म्हणजे महिन्याला किलोभर वजन उतरायला हवं. नुसत्या खर्चातल्या घटीने वजन सहाव्या महिन्यात पूर्ण थांबत नाही. बहुतेक वेळा खाणं हळूहळू वाढलेलं असतं.

यात इच्छाशक्तीचा दोष काढू नका. हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मधुमेहाच्या एका औषधाच्या चाचणीतली माहिती तपासली. ते औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. म्हणजे रोज काही कॅलरी कमी होत होत्या, आणि रुग्णाला त्याचा पत्ता नव्हता. त्यावरून असं दिसलं की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. खर्च २०-३० नी घटतो आणि भूक १०० नी वाढते. शरीर तुम्हाला मागे ओढतं ते मुख्यतः ताटातून.

वाढलेलं खाणं दिसत नाही, कारण ते पोळ्यांच्या संख्येत नसतं. माझ्याकडे येणाऱ्या एक ताई शपथेवर सांगायच्या की सहा महिने तेच खाते आहे. त्यांची वही खरंच तशीच होती: दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण. मी त्यांना तेलाच्या भरलेल्या एक लिटरच्या बाटलीवर खडूने तारीख लिहायला सांगितली. घरात चार माणसं. बाटली दहा दिवसांत संपली. रोज १०० मिली, माणशी २५ मिली, म्हणजे माणशी २०० कॅलरींहून जास्त. पहिल्या महिन्यात त्या मोजून फोडणी घालत होत्या, तेव्हा हीच बाटली वीस दिवस पुरायची. वहीत "भाजी एक वाटी" हे शब्द दोन्ही वेळा सारखेच होते. फरक रोज शंभरेक कॅलरींचा होता, आणि प्रश्न ८ मध्ये पाहिलं तसं एवढा फरक तारीख कित्येक महिने पुढे ढकलतो.

मोठा एक चमचा, म्हणजे १५ मिली तेल, सुमारे १२५ कॅलरींचं. मोजायला एकच गोष्ट निवडायची असेल तर तेल मोजा.

१०. माझी खरी तूट किती आहे, हे कळू शकतं का?

कळतं, आणि इथे ७७०० चा नियम खरोखर कामाचा आहे. भविष्य सांगायला नाही, मागे वळून मोजायला.

पहिले दोन आठवडे सोडून द्या (प्रश्न ४). नंतर रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि दर आठवड्याची सरासरी काढा. चार आठवड्यांच्या अंतराने दोन सरासऱ्या घ्या. समजा पहिली ७६.० आणि नंतरची ७४.८ आली. १.२ गुणिले ७७००, भागिले २८, म्हणजे ३३०. त्या महिन्यातली तुमची खरी तूट रोज सरासरी ३३० होती, कागदावर काहीही लिहिलेलं असो. आता प्रश्न ७ च्या सूत्रात हीच ३३० घाला आणि उरलेले किलो घाला, म्हणजे आजपासूनची नवी तारीख मिळेल.

ज्यांना पाळी येते त्यांनी चार आठवड्यांचं अंतर पाळणं गरजेचं आहे. पाळीच्या आधी अंगात एक-दीड किलोपर्यंत पाणी धरलं जाऊ शकतं. चक्राच्या एकाच टप्प्यावरचे आठवडे पडताळले नाहीत तर तूट दुप्पट किंवा शून्य अशी काहीही निघते.

११. रोज पाऊण तास चालते. घड्याळ २०० कॅलरी दाखवतं. त्या तुटीत मिळवू का?

पूर्ण मिळवू नका. ७८ किलोंच्या व्यक्तीने मध्यम वेगात पाऊण तास चालल्यावर एकूण सुमारे २०५ कॅलरी खर्च होतात. पण तो वेळ खुर्चीत बसून काढला असता तरी ५८ गेल्याच असत्या. चालण्यामुळे जादा गेल्या त्या १४७ च्या आसपास. आणि तुम्ही खर्च काढताना आधीच १.४ पेक्षा मोठा गुणक "चालते म्हणून" धरला असेल, तर हे १४७ त्यात मोजून झाले आहेत. ते दुसऱ्यांदा धरू नका. वजन उतरलं की त्याच चालण्याचा खर्चही कमी होतो.

१२. तूट १००० केली तर निम्म्या वेळात होईल?

सूत्राप्रमाणे ८८ दिवस, म्हणजे २१० च्या निम्म्याहूनही कमी. गणित आकर्षक आहे. पण या बाईंनी मग रोज ९९० कॅलरीच खायच्या. एवढ्यात प्रथिनं, लोह, कॅल्शियम भागवणं फार अवघड आहे, आणि उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो. आठवड्याला दीड किलोच्या वर वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हा मार्ग मी कुणाला सांगत नाही.

१३. एकादशीला उपवास केला की दुसऱ्या दिवशी एक किलो कमी भरतो. मग आठवड्यातून दोनदा केला तर?

दिवसभर काहीच खाल्लं नाही तरी जास्तीत जास्त १९९० कॅलरींची तूट होते. भागिले ७७००: २६० ग्रॅम. बाकीचं पाणी आणि रिकामं झालेलं पोट आहे, द्वादशीला जेवलात की परत येतं.

हेही निर्जळी उपवासाचं झालं. ६० ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, छोटा बटाटा आणि चमचाभर तूप घातलेली एक बशी खिचडी ५०० कॅलरींच्या वर जाते. दोन वेळा खिचडी, मधे वेफर्स आणि खजूर झाले, तर त्या दिवशी तूट उरतेच असं नाही. उपवास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. तारखेच्या हिशेबात त्याला धरू नका.

१४. जिम सुरू केल्यापासून वजन तेच आहे, पण परकर सैल झाला. मग तूट आहे की नाही?

आहे. नव्याने वजनं उचलायला लागल्यावर स्नायूंमध्ये ग्लायकोजेन आणि पाणी वाढतं, पुढे स्नायूही थोडे वाढतात. चरबी उतरत असते आणि काटा जागचा हलत नाही. एक किलो चरबीत साठा सुमारे ९००० कॅलरींच्या पुढे असतो (ही निव्वळ चरबी, प्रश्न १ मधली ऊती नव्हे) आणि तेवढ्याच वजनाच्या स्नायूत जेमतेम १८००. त्यामुळे काय गेलं आणि काय आलं हे कळल्याशिवाय किलोंवरून कॅलरी काढता येत नाहीत. अशा वेळी दोन-तीन महिने प्रश्न १० ची पद्धत बाजूला ठेवा आणि बेंबीच्या रेषेत कंबर टेपने मोजत राहा.

१५. हा हिशेब कुणी करूच नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी, आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेलेल्यांनी. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारामुळे अंगावर सूज असेल तर काट्यावरचा आकडा पाण्याचा असतो, तिथे ७७०० लागूच होत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस तोच आणि जेवण अर्धं, यात साखर एकदम खाली जाऊ शकते.

१६. ६८ झाले! आता पूर्वीसारखं जेवू शकते ना?

पूर्वी १९९० लागत होत्या. दहा किलो उतरले, प्रत्येकी २४ प्रमाणे २४० गेल्या. ६८ वर राहायचं तर आता रोज सुमारे १७५० लागतील. म्हणजे डाएटच्या दिवसांपेक्षा २६० जास्त, पण जुन्या ताटापेक्षा २४० कमी. जुन्या १९९० वर परतलात तर प्रश्न ७ चाच वक्र उलटा चालू होतो आणि वजन परत ७८ कडे निघतं, आधी भरभर आणि मग सावकाश.

वाढवताना एकदम वाढवू नका. आधी १०० कॅलरी वाढवा: एक फुलका, किंवा वाटीभर गाईचं दूध. दोन आठवड्यांची सरासरी पाहा, मग पुढचे १०० वाढवा. ग्लायकोजेन परत भरल्यामुळे काटा किलोभर वर जाईल. प्रश्न ४ मध्ये गेलेलं पाणीच ते, परत आलेलं.